मीटिंगच्या ईमेलमधे तारीख, वेळ आणि आकडे कसे लिहायचे की कुणीच चुकीचं वाचणार नाही

प्रश्न: आमची टीम पुण्यात, कस्टमर जर्मनीत आणि त्यांची एक टीम अमेरिकेत डेट्रॉइटला. दर दोन-चार मीटिंगांमागे कुणीतरी तासभर आधी किंवा उशिरा येतं, एकदा तर एक जण आलाच नाही कारण त्याने तारीखच वेगळी वाचली. ईमेलमधे तारीख-वेळ नेमकी कशी लिहायची?

उत्तर:

आधी मी काय लिहिते ते टाकते, कारणं मागाहून. समजा १२ नोव्हेंबर २०२६ ला डिझाईन रिव्ह्यू ठेवायचाय, तर मेलच्या अगदी वर, नमस्कार-चमत्कार संपल्या संपल्या, हा ठोकळा येतो:

```
Thu 12 Nov 2026
Pune       18:30–19:15     (UTC+5:30)
Stuttgart  14:00–14:45     (UTC+1)
Detroit    8:00–8:45 AM    (UTC-5)
```

बास, एवढंच. वार, महिन्याचं नाव अक्षरात, साल, आणि प्रत्येकाच्या शहराची वेळ सुरुवात-शेवट दोन्ही धरून. मी गेली बरीच वर्षं ऑटो पार्ट्सच्या प्रोजेक्टांचं कोऑर्डिनेशन करते, चाकणचा प्लांट आणि बाहेरचे कस्टमर यांच्यामधे, आणि आमच्याकडे कस्टमरला जाणाऱ्या प्रत्येक आमंत्रणात हा ठोकळा असतोच.

आता हे एवढं लांबलचक का, तर आमच्या एका सप्लायरकडून ऑक्टोबरच्या सुरुवातीला जसा मेल येतो तसाच नमुना घेते, म्हणजे कुठे काय फाटतं ते दिसेल:

```
Design review on 12/11 at 6.30 IST / 9 AM EST, bi-weekly.
Agenda: test load 1,500 kN
```

दोन ओळीत चार ठिकाणी घोळ आहे, आणि गंमत म्हणजे लिहिणाऱ्याला प्रत्येक गोष्ट शंभर टक्के स्पष्ट वाटत असते.

पहिला `12/11`. आपण आणि जर्मन लोक आधी दिवस मग महिना वाचतो, म्हणजे १२ नोव्हेंबर. अमेरिकन माणूस आधी महिना वाचतो, त्याच्यासाठी हा ११ डिसेंबर. यातली खरी अडचण अशी की ११ डिसेंबर २०२६ हा शुक्रवार आहे, चांगला कामाचा दिवस, त्यामुळे डेट्रॉइटच्या माणसाला शंका यायचं काहीच कारण नाही, तो शांतपणे डिसेंबरमधे नोंद करतो आणि १२ नोव्हेंबरला तुम्ही कॉलवर त्याची वाट बघत बसता. तारीख २५/११ असती तर पंचविसावा महिना नसतोच त्यामुळे त्याने आपोआप बरोबर वाचलं असतं. म्हणजे घोळ फक्त महिन्याच्या पहिल्या बारा तारखांचा आहे, आणि म्हणूनच लोकांची ही सवय मोडत नाही, कारण महिन्यातले अर्ध्याहून जास्त दिवस सगळं सुरळीत चालतं.

टिंब घालून `12.11` लिहिलं तरी अमेरिकनाचा प्रश्न सुटत नाही. जर्मनीत टिंबाचीच पद्धत आहे, त्यांना कळतं, पण ओळीत बाजूला `6.30` असेल तर दोन टिंबवाल्या आकड्यांपैकी तारीख कुठली आणि वेळ कुठली हे वाचणाऱ्याने ओळखायचं असं होतं. `2026-11-12` हा आयएसओ ८६०१ चा प्रकार मला स्वतःला आवडतो, फाइलच्या नावात आणि एक्सेलमधे मी तोच वापरते कारण तो आपोआप क्रमाने लागतो आणि साल आधी आलं की पुढे महिना मग दिवस असंच सगळे वाचतात. पण मेलमधे त्याला वार चिकटत नाही आणि फोनवर घाईत वाचताना माणूस क्षणभर अडखळतोच. म्हणून माणसांसाठी `12 Nov`, मशीनसाठी `2026-11-12`.

वार लिहायचा तो शोभेसाठी नाही. वार ही तपासणी आहे. तुम्ही चुकून `Thu 13 Nov` लिहिलंत तर वार आणि तारीख जुळत नाही हे वाचणाऱ्याच्या लक्षात येतं आणि तो विचारतो. नुसतं `13 Nov` लिहिलं असतं तर चूक तशीच सगळ्यांच्या कॅलेंडरमधे जाऊन बसली असती. अट एकच, वार डोक्याने मोजायचा नाही, कॅलेंडर उघडून बघून लिहायचा, नाहीतर तपासणीच चुकीची होते. साल मात्र लोक हमखास गाळतात, एरवी चालतंही, पण नोव्हेंबर-डिसेंबरमधे जानेवारीच्या मीटिंगा ठरायला लागल्या की ते लागतंच, तेव्हा एकदाची सवयच लावून घ्या.

आता वेळ, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. नमुन्यातली ओळ परत बघा, `6.30 IST / 9 AM EST`. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुण्यात संध्याकाळचे साडेसहा म्हणजे डेट्रॉइटला सकाळचे नऊ, हे बरोबर आहे. लिहिणाऱ्याने त्या दिवशी फोनवर बघितलं आणि तेच लिहून टाकलं. पण मीटिंग त्या दिवशी नाहीये, १२ नोव्हेंबरला आहे, आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे २०२६ मधे १ नोव्हेंबरला. त्यानंतर पुण्याचे साडेसहा म्हणजे डेट्रॉइटचे आठ. म्हणजे ओळीतली डावी बाजू आणि उजवी बाजू दोन वेगवेगळ्या वेळा सांगतायत! पुणेवाला साडेसहाला येणार, डेट्रॉइटवाला त्याच्या नऊ वाजता म्हणजे आपल्या साडेसातला येणार, दोघंही मेल दाखवून म्हणणार की मी वेळेवर आलो, आणि दोघांचंही बरोबर.

युरोपचं घड्याळ वेगळ्या दिवशी बदलतं, हे अजून एक. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, २०२६ मधे २५ ऑक्टोबरला. म्हणजे २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर हा एक आठवडा असा की जर्मनी हिवाळ्यात गेलेली असते आणि अमेरिका अजून उन्हाळ्यातच. आपलं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही. पुण्याचे साडेसहा पकडून बघा: २० ऑक्टोबरला स्टुटगार्ट ३, डेट्रॉइट ९. मग २७ ऑक्टोबरला स्टुटगार्ट २, डेट्रॉइट ९. आणि ३ नोव्हेंबरला स्टुटगार्ट २, डेट्रॉइट ८. तीन आठवडे, तीन वेगळी गणितं. मार्चमधे हेच उलट होतं, अमेरिका दुसऱ्या रविवारी बदलते आणि युरोप शेवटच्या, त्यामुळे तेव्हा ही मधली फट दोन-तीन आठवड्यांची असते. तुमच्याकडे तासभर आधी-उशिरा येण्याचे प्रकार मुख्यतः मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधेच होतात का ते जुने मेल काढून बघा, मला तरी तशीच दाट शंका आहे.

म्हणून नियम असा की मीटिंगच्या तारखेचा फरक बघायचा, आजचा नाही. लक्षात ठेवायला सोपं आहे: जर्मनी हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. डेट्रॉइट हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. आणि यात आपल्याला एक फुकटची तपासणी मिळते, कारण आपली वेळ अर्ध्या तासावर आहे. पुण्याच्या वेळेत मिनिटं ३० असतील तर स्टुटगार्ट आणि डेट्रॉइटच्या वेळेत ती ०० असलीच पाहिजेत, आणि आपली ०० असतील तर त्यांची ३०. ठोकळ्यात `18:30` आणि `14:30` एकाखाली एक दिसलं की हिशोब चुकलाय, पुढे बघायलाच नको.

`EST` लिहू नका. त्यातला मधला एस हा स्टँडर्डचा, म्हणजे हिवाळ्याचा. जुलैमधे कुणी `9 AM EST` लिहिलं तर काटेकोर वाचणारा ते डेट्रॉइटचे दहा धरेल आणि बाकी सगळे नऊ. `IST` सुद्धा आपल्याला आपलंच वाटतं पण इस्रायल आणि आयर्लंडही तीच तीन अक्षरं वापरतात, आणि डब्लिनचा एखादा माणूस कॉलवर असला तर उन्हाळ्यात त्याच्यासाठी आयएसटी म्हणजे त्याचीच वेळ. शहराचं नाव लिहिलं की हा प्रश्नच उरत नाही. पुणे म्हणजे पुणे.

मग मी शेजारी `UTC+5:30` कशाला लिहिते? कारण कुणी त्या दिवशी प्रवासात असेल, सिंगापूरच्या विमानतळावरून जॉइन होणार असेल, तर त्याला यादीत स्वतःचं शहर सापडत नाही, त्याला युटीसीवरून काढता येतं. पण हा आकडा आउटलूकच्या टाइमझोनच्या यादीतून उचलू नका. तिथे `(UTC-05:00) Eastern Time (US & Canada)` असं बाराही महिने लिहिलेलं असतं, उन्हाळ्यात डेट्रॉइट प्रत्यक्षात युटीसीच्या चारच तास मागे असलं तरी यादीतलं ते नाव बदलत नाही. आउटलूक आत हिशोब बरोबर करतं, फक्त ती पाटी हिवाळ्याची आहे, आणि लोक नेमकी पाटी कॉपी करतात. बर्लिनच्या ओळीचंही तसंच, कायम `UTC+01:00`.

`6.30` मधे सकाळ-संध्याकाळ नाही हे वेगळं सांगायला नको. आपल्याला वाटतं ऑफिसची मीटिंग सकाळी साडेसहाला कोण ठेवेल, पण आपले सकाळचे साडेसहा म्हणजे नोव्हेंबरमधे डेट्रॉइटचे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ, आणि अमेरिकेशी काम करणाऱ्या टीमा अशा वेळा खरंच ठेवतात, त्यामुळे तो अर्थ अशक्य म्हणून सोडून देता येत नाही. मी पुणे आणि जर्मनीसाठी २४ तासांचं घड्याळ लिहिते आणि अमेरिकेच्या ओळीत `AM`/`PM`, कारण प्रत्येक जण फक्त स्वतःचीच ओळ वाचतो आणि ती त्याच्या सवयीची असावी. एकसारखं दिसत नाही म्हणून काही जण नाक मुरडतात, मला ते चालतं. दुपारचे बारा असतील तर `12 noon` लिहा, आणि डेडलाइन रात्री बाराची असेल तर बारा लिहूच नका. गुरुवारी रात्री बारा म्हणजे गुरुवार सुरू होतानाचे का संपतानाचे यावर लोक हमखास दोन गटात जातात. `Thu 12 Nov, 23:59 Pune` लिहिलं की विषय संपला.

कॅलिफोर्नियावाला कुणी असेल तर अजून एक काळजी, तारीखच बदलते. आपल्या शुक्रवारी सकाळी साडेनऊची मीटिंग नोव्हेंबरमधे सॅन होझेला गुरुवारी रात्री आठची असते. अशा वेळी वर एकच तारीख लिहून भागत नाही, ती प्रत्येक शहराच्या ओळीत यायला हवी:

```
Pune      Fri 13 Nov 2026  09:30
San Jose  Thu 12 Nov 2026  8:00 PM
```

आता `bi-weekly`. काही जण आठवड्यातून दोनदा समजतात, काही दर दोन आठवड्यांनी. त्याऐवजी `every second Thursday` लिहा, पण मी त्याच्याही पुढे जाऊन पुढच्या तीन तारखा लिहून टाकते, आणि त्याचा फायदा नुसता अर्थ कळण्यापुरता नाही. वरच्या उदाहरणात १२ नोव्हेंबरनंतर दर दुसरा गुरुवार म्हणजे २६ नोव्हेंबर, १० डिसेंबर, २४ डिसेंबर. लिहून काढल्यावर दिसतं की २६ ला अमेरिकेत थँक्सगिव्हिंग आहे, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, डेट्रॉइटमधून कुणीच येणार नाही. आणि २४ ला ख्रिसमसचा आदला दिवस, जर्मनीत ऑफिसात कुणी सापडलं तर नशीब. चारपैकी दोन मीटिंगा पहिल्याच फटक्यात बाद, आणि ते मेल पाठवायच्या आधी कळलं. आपल्या सुट्ट्या त्यांना माहीत नसतात तेही असंच कळवता येतं, २०२६ मधे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे त्या आठवड्याचे पहिले दिवस आपल्याकडून धरू नका असं मी ऑक्टोबरमधेच लिहून ठेवते.

`next Thursday` किंवा पुढच्या गुरुवारी हेही त्याच जातीचं. सोमवारी ९ तारखेला मेल टाकलात तर अर्धे लोक १२ धरतील, अर्धे १९. जर्मन मंडळी बऱ्याचदा `KW 46` असं आठवड्याच्या नंबरावर बोलतात, १२ नोव्हेंबर त्यातच पडतो, पण आपल्याकडे आठवड्याचा नंबर कुणी मोजत नाही, त्यामुळे त्यांचा मेल पुण्यातल्या लोकांना फॉरवर्ड करताना मी शेजारी ९ ते १३ नोव्हेंबर असं घालतेच.

शेवटचा घोळ `1,500 kN`. आपण दीड हजार वाचतो. जर्मनीत स्वल्पविराम दशांशाचा असतो, म्हणजे तिकडे हे दीड किलोन्यूटन. आणि हजारांसाठी ते टिंब वापरतात, त्यामुळे तुम्ही `1.250 EUR` लिहिलंत, म्हणजे सव्वा युरो, तर तिकडे ते साडेबाराशे होतं. पुष्कळदा संदर्भाने कळतं, एका ब्रॅकेटची किंमत साडेबाराशे युरो नसणार हे माणूस समजून घेतो, पण टेस्टच्या लोडसारख्या ठिकाणी दोन्ही आकडे शक्य असतात आणि हजारपट फरक पडतो. जर्मन इंजिनिअर इंग्रजी मेल इंग्रजी पद्धतीनेच वाचतील असं धरून चालू नका, काही वाचतात, काही नाही, आणि कोण कसं वाचणार हे तुम्हाला आधी कळत नाही.

माझी पद्धत अशी: चार आकडी संख्येत काहीच घालायचं नाही, `1500 kN`. आणि दशांश चिन्हानंतर तीन अंक कधीच ठेवायचे नाहीत, कारण सगळा गोंधळ त्या तीन अंकांमुळेच होतो. `1.25` ला कुणी हजार समजू शकत नाही, `1.250` ला समजू शकतो. तीन अंक खरंच लागत असतील तर एकक बदला, `1.125 kg` ऐवजी `1125 g`. मोठ्या रकमांना मधे जागा सोडली तरी चालते, `1 250 000 EUR`, वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ मधे हेच मान्य केलंय, की दशांशाला टिंब किंवा स्वल्पविराम काहीही वापरा पण तीन-तीनचे गट फक्त जागा सोडून करा. फक्त साधी स्पेस दिली तर आकडा ओळीच्या टोकाला तुटू शकतो, म्हणून वर्ड-आउटलूकमधे `Ctrl+Shift+Space` दाबा, मग तो एकत्र राहतो. लाख-कोटी बाहेर पाठवू नका, `12,50,000` हे त्यांना टायपिंगची चूक वाटते, तिथे `1.25 million` लिहा. घरातल्या मेलमधे मात्र बिनधास्त साडेबारा लाख लिहा, तिथे मिलियनने उलट अडखळायला होतं.

आता तुम्ही म्हणाल की कॅलेंडरचं इन्व्हाइट पाठवलं की प्रत्येकाला त्याच्या वेळेत दिसतंच, मग एवढं टायपिंग कशाला. इन्व्हाइट पाठवायचंच, ते सगळ्यात भरवशाचं, कारण त्याच्या आत वेळ अशी असते:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20261112T183000
```

यात कुणाच्या वाचण्याचा प्रश्नच येत नाही. पण लोक मेल फॉरवर्ड करतात, स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतात, मॅनेजर फक्त मजकूर कॉपी करून चौथ्याला देतो, आणि तिथे इन्व्हाइट सुटतं आणि मजकूर तेवढा पुढे जातो. शिवाय दर आठवड्याची सिरीज ज्याने बनवली त्याच्या घड्याळाला बांधलेली असते. पुण्यातून बनवली तर आपले साडेसहा कायम राहतात आणि तिकडची वेळ सरकते. डेट्रॉइटहून बनवली तर त्यांचे नऊ कायम आणि १ नोव्हेंबरनंतर आपल्या लोकांच्या कॅलेंडरमधे ती साडेसातला जाते, कुणी काही न करता. दोन्ही चालतं, फक्त कुणाचं घड्याळ धरलंय हे मेलमधे एका वाक्यात लिहून टाका, `Fixed to Pune time, 18:30 all year`, म्हणजे नोव्हेंबरात कुणी गोंधळत नाही.

आणि मीटिंग सरकवली तर हे नक्की करा. कॅलेंडरमधे ठोकळा ओढून सातला नेला की वरची वेळ बदलते, पण खाली मजकुरात तुम्ही हाताने टाइप केलेले `18:30` तसेच राहतात, आणि मग एकाच इन्व्हाइटमधे दोन वेळा. मजकूर बदलून मगच अपडेट पाठवा, आणि जुनी वेळ लिहून खोडा, म्हणजे ज्याने जुना मेल वाचलाय त्याला बदललंय हे कळेल:

```
NEW: Thu 12 Nov 2026, 19:00 Pune / 14:30 Stuttgart / 8:30 AM Detroit
OLD: 18:30 Pune, cancelled
```

इथे पुण्याचे ०० आणि बाकीच्यांचे ३०, म्हणजे जुळतंय. महत्त्वाची मीटिंग असेल तर मी नुसतं `OK` उत्तर म्हणून घेत नाही, खाली लिहिते की तुमच्याकडची तारीख आणि वेळ उत्तरात टाका. डेट्रॉइटहून `Dec 11, 9 AM works for me` असं आलं की महिनाभर आधी कळतं, आणि तेव्हा दुरुस्त करायला एक फोन पुरतो.